मागणी खरी असली की साधन कुठलंही चालतं का?

येरळाकाठ
गेल्या हंगामात पहिल्या उचलीसाठी आमच्या भागात ऊसतोड बंद होती. आम्ही पोरांनी रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर अडवले, ट्रॉल्यांच्या चाकांची हवा सोडली. चौथ्या दिवशी कारखान्यानं भाव वाढवला. वडील अजून म्हणतात, "मिळालं ते बरं झालं, केलं ते बरं नाही." आता पाण्याच्या आवर्तनासाठी आमच्यातलेच तिघं आमरण उपोषणाला बसणार आहेत. म्हणजे या खेपेला कुणाच्या चाकाला हात लावायचा नाही. माझा प्रश्न सरळ आहे. मागणी खरी असेल तर साधन कुठलंही चालतं का? आणि उपोषण तरी अहिंसक म्हणायचं, का तीही एक दमदाटीच?

वाळव्याचं पाणी
भावा, सांगली जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारतोस? ज्या मातीत क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार झालं तिथं साधनशुद्धीचे धडे कुणी कुणाला द्यायचे? ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवून लुटली. पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. गोळी खाल्ली, आणि नंतर याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. कुणी म्हणालं का, दादा तुमचं साधन अशुद्ध होतं? गावगुंडांच्या आणि खबऱ्यांच्या पायाला पत्रे ठोकले म्हणून तर नाव पत्री सरकार पडलं. उगाच नाही तीन वर्षं इंग्रजाची कचेरी ओस पडली. हवा सोडली तर सोडली. चार दिवसांत भाव मिळाला, विषय संपला.

कचेरीसमोरचा टंकलेखक
उपोषणाला बसायचं असेल तर आधी तहसीलदार आणि पोलीस ठाण्यात लेखी निवेदन द्या, पोहोच घ्या. मंडपाला जागा कुणाची ते बघा, नाहीतर पहिल्याच दिवशी मंडप उचलतात. डॉक्टरची रोजची तपासणी नोंदवून घ्या. मी आजवर पन्नासेक निवेदनं टाइप केली आहेत. "आमरण" लिहिलं की अधिकारी घाबरतात, "बेमुदत" लिहिलं की फाईल खाली जाते. नमुना हवा असेल तर सांगा.

येरळाकाठ
काका, मी परवानगीचं विचारत नव्हतो. पण "आमरण लिहिलं की घाबरतात" हे तुम्ही जे लिहिलंत ना, माझा प्रश्न नेमका तोच आहे.

औंधचा मास्तर (निवृत्त)
टंकलेखक महाशयांनी नकळत वर्मावर बोट ठेवलं आहे. गंमत म्हणजे याच एका मुद्द्यावर खुद्द गांधी एकदा जिंकलेला डाव परत देऊन बसले होते. चंपारण, दांडी सगळ्यांना पाठ असतात, राजकोट कुणी सांगत नाही. थोडं सविस्तर लिहितो, वाचायचा कंटाळा आला तर सोडून द्या.

राजकोट हे काठेवाडातलं लहानसं संस्थान. गांधींचे वडील तिथे दिवाण होते, पोराचं शिक्षण तिथलंच. म्हणजे घरचंच प्रकरण. १९३८ साली तिथल्या प्रजेनं जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढा दिला आणि २६ डिसेंबरला ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहांनी वल्लभभाई पटेलांशी करार केला. सुधारणांचा आराखडा करायला दहा जणांची समिती नेमायची, त्यातली सात नावं पटेल सुचवणार. नावं गेली आणि ठाकोरसाहेबांनी त्यातल्या चौघांना नकार दिला. मागे खरा हात दिवाण वीरावाला यांचा. लढा पुन्हा पेटला, कस्तुरबाही अटकेत गेल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीला गांधी राजकोटला पोहोचले. बोलणी करून पाहिली, वीरावाला हलेनात. ३ मार्च १९३९ ला दुपारी उपोषण सुरू झालं. मागणी एकच होती, दिलेला शब्द पाळा. आता मागणी खरी होती यात वाद नाही, करारावर सही होती. साधनही दिसायला शुद्धच, एक म्हातारा माणूस स्वतःच्या पोटाला चिमटा घेत होता. पण उपोषण चालू असताना गांधींनी व्हाइसरॉयला निरोप धाडला की सार्वभौम सत्ता म्हणून तुम्ही मध्ये पडा आणि ठाकोरांना शब्द पाळायला लावा. लिनलिथगो मध्ये पडले. कराराचा अर्थ फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी लावावा असं ठरलं आणि ७ मार्चला उपोषण सुटलं. ३ एप्रिलला ग्वायर यांचा निवाडा आला, तोही पूर्णपणे पटेलांच्या बाजूनं.

म्हणजे जिंकले. कागदावर शंभर टक्के जिंकले.

पण पुढचे सहा आठवडे काहीच हलेना. वीरावाला निवाडा मानायचे आणि अंमल करायचे नाहीत. संस्थानातले मुसलमान आणि गिरासदार आम्हालाही समितीत जागा द्या म्हणून उभे राहिले. एप्रिलमध्ये डॉ. आंबेडकरही अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासाठी राजकोटला जाऊन आले. प्रार्थनासभेत निदर्शनं झाली. आणि १७ मे १९३९ ला गांधींनी जाहीर केलं की या निवाड्याचा फायदा मी सोडून देतो. व्हाइसरॉय, मुख्य न्यायाधीश, ठाकोरसाहेब आणि वीरावाला या चौघांची माफी मागितली. कारण असं दिलं की उपोषण ठाकोरसाहेबांचं मन वळवण्यासाठी होतं, पण मधेच मी त्यांच्या डोक्यावरच्या सत्तेला हाक मारली. तिथे ते उपोषण राहिलं नाही, जबरदस्ती झाली. हिंसेचा डाग लागला.

येरळाकाठ, तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझ्याकडे हाच धागा आहे. उपोषण अहिंसक आहे की नाही हे पोट कुणाचं रिकामं यावर ठरत नाही. समोरच्याला "नाही" म्हणायची मोकळीक उरते का, यावर ठरतं. ठाकोरसाहेबांना व्हाइसरॉयचा दट्ट्या आल्यावर ती उरली नाही. ज्याच्यावर जबरदस्ती होते तो कबूल करतो आणि मग पावलापावलाला खोडा घालतो. वीरावालांनी नेमकं तेच केलं.

वाळव्याचं पाणी
मास्तर, लिहिलंत छान. आता एकच सांगा, राजकोटच्या रयतेला काय मिळालं? निवाडा हातात होता, तो परत दिला. राज्य पुन्हा दिवाणाच्या हातात. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, जेल भोगली, त्यांना विचारलं होतं का, तुमचा विजय मी परत करतोय म्हणून? साधन धुऊन स्वच्छ झालं आणि साध्य पाण्यात गेलं. असली शुद्धी आमच्या पाण्याच्या आवर्तनाला परवडत नाही. ऊस जळतो तो जळतो, त्याला वाट बघायला सांगता येत नाही.

औंधचा मास्तर (निवृत्त)
रयतेच्या हाती फारसं लागलं नाही हे मान्य. आणि लोकांना न विचारता माघार घेण्याची त्यांची खोडच होती. ४ फेब्रुवारी १९२२ ला चौरीचौऱ्याला जमावानं पोलीस ठाणं पेटवलं, आत पोलीस जळून मेले, आणि आठवड्याभरात साऱ्या देशाचं आंदोलन थांबवलं. तेव्हा तुरुंगातले नेहरूही चिडले होते. हा आक्षेप मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

पण पत्री सरकारचं तुम्ही जे लिहिलंत त्यात दोन गोष्टी दुरुस्त करतो. पहिली, ते मुळात "प्रति सरकार". बोलण्यात आणि विरोधकांच्या टवाळीत त्याचं "पत्री" झालं. खबऱ्यांना आणि गुंडांना शिक्षा होती ती तळपायावर काठ्यांची, आणि ती भयंकरच होती. पण पायाला पत्रे ठोकल्याच्या कहाण्या गावोगाव फुगत गेल्या. दुसरी गोष्ट, तो लढा काही गाडी लुटण्यापासून सुरू झाला नाही. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर असे कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. तासगावात मामलेदारानं झेंडा लावू दिला आणि रक्त सांडलं नाही. वडूजला ९ सप्टेंबरला गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. माणसं हातात तिरंगा घेऊन पडली. त्यानंतर पोरं भूमिगत झाली. म्हणजे आधी शुद्ध साधन वापरून पाहिलं, त्यावर गोळी आली, मग हे. तुम्ही मधली पायरी गाळून सांगता.

आणि तीन वर्षं लोकांनी त्यांना भाकरी घातली ती रेल्वे लुटल्याबद्दल नाही. गावात न्यायदान मंडळं होती, तंटे तिथल्या तिथे तुटत होते, सावकाराला चाप बसला होता, हुंडा आणि बँडबाजा नसलेली गांधी विवाहाची लग्नं लागत होती. आमचं औंध संस्थान तेव्हा या मंडळींना पाठीशी घालत होतं, कुंडल औंधातलंच. राजकोट पेटलेलं होतं त्याच १९३९ च्या जानेवारीत औंधच्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, गांधींच्या सल्ल्यानं राज्यकारभार स्वतः होऊन प्रजेच्या हाती दिला होता. उपोषण नाही, दट्ट्या नाही. अर्थात असा राजा मिळायला नशीब लागतं, हेही खरं.

वाळव्याचं पाणी
नाव प्रति सरकार असेल, मान्य. मोर्च्यांचं मला माहीत होतं, लिहायचं राहिलं. पण मग तुम्हीच माझी बाजू मांडलीत की! शुद्ध साधनावर गोळी आली, मग पुढं काय करायचं? गांधींनी जुलै १९४४ मध्ये पाचगणीला मुक्काम असताना भूमिगतांना सांगितलं की गुप्तता हे पाप आहे, उघड व्हा, पकडून घ्या. पाचगणी म्हणजे आपल्याच साताऱ्यात. नाना पाटील उघड झाले का? नाही झाले. वॉरंटं मागं घेतली तेव्हा १९४६ ला आले, आणि लोकांनी खांद्यावर घेतलं. म्हणजे लोकांनी कौल कुणाला दिला?

साताऱ्याची वकील
मास्तरांचा राजकोटचा निकष मला पटला, म्हणूनच तो आणखी एका उपोषणाला लावून बघू या. मास्तर बहुतेक मुद्दाम टाळत आहेत. सप्टेंबर १९३२, येरवडा.

१७ ऑगस्टला ब्रिटिशांचा जातीय निवाडा आला, त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ होते. २० सप्टेंबरला त्याविरुद्ध गांधींचं आमरण उपोषण सुरू झालं. सांगण्यापुरतं ते सरकारविरुद्ध होतं, हिंदूंच्या सदसद्विवेकाला हाक होती. पण सही कुणाची हवी होती? डॉ. आंबेडकरांची. गांधींची प्रकृती ढासळत होती आणि सगळा देश एका माणसाकडे बोट दाखवत होता. गांधींचं काही बरंवाईट झालं असतं तर गावागावातल्या महारवाड्यांचं काय झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, हे खरं. पण स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि हे आपल्या मनाविरुद्ध दबावाखाली झालं असं बाबासाहेबांनी पुढे स्वच्छ लिहून ठेवलं.

"समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक उरते का?" आंबेडकरांना उरली होती? राजकोटला एका संस्थानिकावर दबाव आला म्हणून गांधींनी चौघांची माफी मागितली. येरवड्याबद्दल तशी माफी कुणाची मागितली? संस्थानिकाचं मन वळवायचं असतं आणि अस्पृश्यांच्या पुढाऱ्याचं नसतं का?

मी साताऱ्याची आहे. ज्या शाळेत छोट्या भीमरावांनी १९०० साली नाव घातलं तिच्यावरून रोज कोर्टात जाते. उपोषण म्हटलं की इथे सगळे हात जोडतात, माझ्या घरात मात्र म्हातारी माणसं गप्प बसायची. त्यांच्या गप्प बसण्यालाही काही अर्थ होता, तो फार उशिरा कळला.

औंधचा मास्तर (निवृत्त)
ताई, टाळत होतो हे खरं.

माझं म्हणणं एवढंच की राजकोटचा निकष मी केला नाही, खुद्द गांधींनी सात वर्षांनी स्वतःला लावला. १९१८ ला अहमदाबादच्या गिरणी संपातही त्यांना ही बोच होती. मजूर पस्तीस टक्के वाढ मागत होते, मालक वीस देत होते, मजूर डळमळायला लागले म्हणून उपोषण केलं. ते मजुरांना धरून ठेवण्यासाठी होतं. पण मालक अंबालाल साराभाई म्हणजे मित्र, त्यांच्यावर नको तो दबाव आला, हा दोष त्यांनी आत्मकथेत लिहिला आहे. येरवड्याबद्दल असं त्यांनी कधी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. जो निकष मित्राला आणि संस्थानिकाला लावला तो तिथे का लावला नाही, याचं मी समर्थन करू शकत नाही.

साताऱ्याची वकील
धन्यवाद. मग आणखी एक सांगते. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटलं होतं की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे मार्ग सोडून द्यावेत. आणि हे कोण म्हणत होतं? ज्यानं १९२७ ला महाडचं तळं आणि १९३० पासून काळारामाचं दार सत्याग्रहानं लढवलं तो माणूस. म्हणजे त्यांच्या लेखी प्रश्न शुद्ध-अशुद्धाचा नव्हताच. दुसरं दार उघडं आहे का, हा होता. येरळाकाठ, उसाच्या भावाला दुसरं दार होतं का? शुगरकेन कंट्रोल ऑर्डर १९६६ ची. तोडीपासून चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान भावाचे पैसे द्यायचा कायदा आहे, उशीर झाला तर व्याज लागतं. साखर आयुक्तांकडे कुणी गेलं होतं?

वाळव्याचं पाणी
ताई, तुमचं दार उघडं असतं, फक्त आतलं माणूस जेवायला गेलेलं असतं. आयुक्तांकडे दोन वर्षं हेलपाटे घातलेली माणसं मला माहीत आहेत. शिवाय मागणी एफआरपीच्या वरच्या उचलीची होती, त्याला तुमच्या ऑर्डरीत कलम नाही.

साताऱ्याची वकील
वरच्या रकमेचं खरं आहे, तिथे कायदा हात वर करतो.

मुक्काम पोस्ट ट्रॉली
मी लिवनार न्हवतो. पन येरळाकाठानं "हवा सोडली" असं इतक्या हलक्यानं लिवलंय म्हून लिवतो.

माजा ट्रॅक्टर हाय, दोन ट्रॉल्या. कर्ज काढून घेतलाय. हंगामाच्या आधी मुकादमाला टोळीची उचल देतो, ती फिटंस्तवर सगळी खेप माज्या डोक्यावर. गेल्या साली रातच्याला दीडच्या सुमाराला अडवलं. पंदरा-वीस पोरं, तोंडाला रुमाल. मी म्हनलं, बाबांनो, मी बी शेतकऱ्याचाच हाय, भाव वाढला तर माज्या भावाला बी मिळल. एकानं सांगितलं, काका गप बसा, हवाच सोडतोय. सोडली. पंप मागवून भरली आस्ती सकाळी. पन मागच्या ट्रॉलीच्या दोन टायरांवर कुनीतरी कोयता चालवला. बाजूनं फाडलं, मंजी पंक्चर बी निघत न्हाई.

चार दीस ट्रॉली तिथंच. ऊस तोडला की त्यो वाळाय लागतोच, वजन उतरतं. पाचव्या दिवशी काट्यावर घेतला तवा ज्याचा ऊस हुता त्यो माज्यावर खेकसला. त्यो कोन हुता? संघटनेचाच मानूस, त्याच्या घरावर झेंडा. भाव वाढला, त्याला मिळाला. माज्या टायराचं पैसं कारखान्यानं दिलं न्हाईत, संघटनेनं दिलं न्हाईत. भाड्याच्या किती खेपा दोन टायरांत गेल्या त्ये सांगत न्हाई.

तुमी समदे गांधी आनि नाना पाटील काढताय. नाना पाटलांनी लुटली ती सरकारची गाडी. तुमी अडवली माजी.

येरळाकाठ
दादा, कुठल्या फाट्यावर झालं हे?

वाळव्याचं पाणी
ट्रॉलीवाल्या दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण लढ्यात असं थोडंफार होतंच. गाडी अडवल्याशिवाय कारखाना थांबत नाही आणि कारखाना थांबल्याशिवाय बोलायला बोलवत नाही.

मुक्काम पोस्ट ट्रॉली
थोडंफार कुनाचं, त्ये बी लिवा की.

औंधचा मास्तर (निवृत्त)
दादांच्या शेवटच्या वाक्यापुढे मी लिहिलेलं सगळं पुस्तकी वाटतंय. तरी एक गोष्ट आठवली. "लढ्यात असं होतंच" हे उत्तर गांधींनाही देता आलं असतं. विलायती कापडावरच्या बहिष्काराचा फटका लँकेशायरच्या गिरणी कामगारांना बसला, आधीच मंदी होती, त्यात हे. ती माणसं काही साम्राज्य चालवत नव्हती. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेले असताना गांधी त्यांच्यातच जाऊन राहिले, डार्वेन नावाच्या गावाकडे. बहिष्कार मागे घेतो असं बिलकूल सांगितलं नाही. तुमच्या बेकारीपेक्षा आमच्याकडची उपासमार मोठी आहे, हे तोंडावर सांगितलं. पण रुमाल बांधून रात्री दीडला नाही, दिवसा, नाव सांगून, ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन.

पाचगणीला गुप्ततेला पाप म्हटलं त्याचा अर्थ मी असाच लावतो. इंग्रजांपासून लपू नका एवढाच त्यात उपदेश नाही. रुमाल बांधला की कोयता कुणी चालवला ते कुणालाच सांगावं लागत नाही. हवा सोडणारा आणि टायर फाडणारा एकाच अंधारात उभे असतात.

वाळव्याचं पाणी
भूमिगतांनी तोंड दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी फासावर गेले असते, मास्तर. दोन्ही एका मापानं मोजू नका. इंग्रजाच्या राज्यात लपणं वेगळं.

औंधचा मास्तर (निवृत्त)
वेगळं आहे, मान्य. म्हणूनच विचारतो, कारखान्याच्या रस्त्यावर रुमाल कशाला? तिथे कोण फासावर देणार होतं?

कचेरीसमोरचा टंकलेखक
मूळ विषय पाण्याच्या उपोषणाचा होता ना? निवेदन कुणाच्या नावे करताय? कार्यकारी अभियंत्याच्या नावे असेल तर उपयोग नाही. आवर्तनाच्या तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. अभियंता उपोषणाला घाबरून तोंडी "सोडतो" म्हणेल, फळांचा रस पाजून उठवेल आणि नंतर वरचा आदेश नाही म्हणेल. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

साताऱ्याची वकील
टंकलेखक काका, हे तर अगदी राजकोट झालं. ज्याच्या हातात देणं नाही त्याला कोंडीत पकडायचं, तो होकार देणार आणि अंमल करणार नाही. आणखी एक विचारते, कुणाला राग येऊ देऊ नका. आवर्तन आधी तुमच्या शाखेला मिळालं तर ते कुणाच्या वाट्याचं येणार? शेवटच्या टोकाला जे आहेत, त्यांना विचारलं आहे का? येरवड्याला ज्याची सही लागली तो मंडपात बसलेला नव्हता.

येरळाकाठ
निवेदन कार्यकारी अभियंत्याच्याच नावे आहे. काल छापून पण आणलं. टोकाच्या गावांचं खरं सांगायचं तर आमच्या बैठकीत नावसुद्धा निघालं नाही. त्यांना पाणी कधीच वेळेवर पोहोचत नाही, त्यामुळे ते मोजण्यात नसतातच. आज संध्याकाळी तिघांशी बोलतो. एक जण ऐकणार नाही, त्याचं म्हणणं वाळव्याच्या दादांसारखंच आहे की उपाशी माणूस बघून कुणीतरी हलतंच, कोण हलतंय ते नंतर बघू. आणि मला त्यालाही पूर्ण चूक म्हणता येत नाही, कारण आजवर आमच्याकडे हललंय ते असंच.

ट्रॉलीवाले दादा, फाटा सांगितला नाहीत. विचारायचं कारण, हवा सोडणाऱ्यांत मी होतो. "काका गप बसा" म्हणणारा मी असेन किंवा नसेनही, त्या रात्री आम्ही सगळ्यांनाच तसं म्हणत होतो. कोयता माझ्या हातात नव्हता. टायरचं काय लागलं असेल ते व्यनिनं कळवा, आम्ही पोरं वर्गणी काढतो.

मुक्काम पोस्ट ट्रॉली
पैशाचं बघू. कोयता तुज्या हातात न्हवता, मानलं. कुनाच्या हातात हुता त्ये तुला म्हाईत हाय का न्हाई?